प्रतिसाद: काकांचे फॉरवर्ड

"काका रोज न तपासलेल्या बातम्या ग्रुपवर टाकतात. त्यांना न दुखावता कसं सांगू?"

ग्रुपवर काहीच लिहू नका. चारचौघांत खोडून काढलं की मुद्दा बातमीचा राहत नाही, मानाचा होतो. फोन करा आणि एकाच मेसेजबद्दल बोला; "तुम्ही नेहमीच असं पाठवता" म्हटलंत की बोलणं तिथेच संपलं.

समजा, त्यांनी पुराचा व्हिडिओ 'आजचा' म्हणून टाकलाय. त्यातल्या एका दृश्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये शोधा. जुन्या तारखेची बातमी सापडली तर म्हणा, "काका, तुम्ही काळजीपोटी पाठवलंत, पण हा व्हिडिओ जुना निघाला. तुमच्या नावाने पुढे जायला नको, काढून टाकता का?" व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोनच दिवस मिळतात, म्हणून त्याच दिवशी बोला.

दुहेरी बाणाची खूणही दाखवून ठेवा. ती असली की मेसेज निदान पाच वेळा पुढे ढकललेला असतो. म्हणून तो खोटाच असतो असं नाही, पण थांबावं जरूर. "असा बाण दिसला की आधी मला पाठवा, मी बघून सांगते," ही विनंती मनाईपेक्षा सहज पचते. मात्र त्यांनी पाठवलं की लगेच उत्तर द्या, नाहीतर पुढचा मेसेज पुन्हा थेट ग्रुपवर येईल.