मदत हवी आहे: मैत्रिणीला 'मला एकटीला हे झेपत नाही' कसं सांगू?

अबोली_इंदिरानगर
नमस्कार. अकरावीपासूनची जिवाभावाची मैत्रीण आहे. दीड वर्षापूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती पंचवटीत आईकडे आली. तेव्हापासून रोज रात्री साडेदहाला तिचा फोन येतो, तो बारा-साडेबारापर्यंत चालतो. सकाळी सातला मला अंबडची कंपनीची बस गाठायची असते. परवा फोन वाजला तर माझ्या पाच वर्षांच्या लेकीने तो उचलून उशीखाली लपवला. तेव्हापासून पोटात गोळाच आलाय.

बोलणं रोज तेच. सासू काय म्हणाली होती, कोर्टाची पुढची तारीख कधी. आईला बीपी आहे म्हणून तिला काही सांगत नाही. समुपदेशकाचं नाव काढलं की म्हणते, "तू आहेस ना, परक्याला कशाला सांगू?" मला ती हवी आहे, पण हे असं नाही पेलवत. कसं सांगू?

सातपूरकर
सरळ फोन सायलेंट करा. विचारलं तर तब्येत बरी नाही म्हणायचं. पंधरा दिवसांत तिचं तिला कळेल.

सुमनकाकू
दोघांना एकदा समोरासमोर बसवा. मोठी माणसं मध्ये पडली की संसार सावरतात.

अबोली_इंदिरानगर
काकू, तिच्या संसाराचं तिचं ती ठरवेल. मला माझ्या आणि तिच्यातलं विचारायचं होतं.

गोदाकाठ
मी काही वर्षं हेल्पलाइनवर रात्रपाळी केली आहे, त्यावरून सांगते.

सातपूरकरांचं अर्धं बरोबर आहे. रात्रीचा फोन थांबायलाच हवा. पण तब्येतीचं कारण देऊ नका. तब्येत बरी झाली की फोन पुन्हा सुरू होणार, आणि खोटं कळलं तर तिच्याजवळ काहीच उरणार नाही.

हे फोनवर बोलू नका, ती रडत असताना तर नाहीच. रविवारी सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर घेऊन जा. शेजारी चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, अवघड बोलणं सोपं जातं. 'तू फार बोलतेस' असं म्हणू नका, स्वतःचं सांगा: "रात्री तुझं ऐकून मला झोप येत नाही आणि सकाळी मी कुणाच्याच कामाची राहत नाही. बुधवारी संध्याकाळी सातला अर्धा तास आणि रविवारचं फिरणं तुझं. रात्री साडेनऊनंतर मी फोन घेणार नाही." वार आणि वेळ ठरवून सांगा. 'थोडं कमी कर' म्हटलं की ती रोज अंदाज बांधत बसेल.

पहिले दोन-तीन आठवडे फोन वाढतील, ते धरून चाला. सहा वेळा न उचलता सातव्यांदा उचललात, तर सात वेळा करायचं असतं एवढंच ती शिकेल. आणि बुधवारचा फोन तुम्ही चुकवायचा नाही. ती वेळ पाळलीत तरच तिचा विश्वास बसेल.

पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट विचारा: "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. उत्तर 'हो' आलं, तर वेळेचा नियम बाजूला ठेवा. तिला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तो तिच्या फोनमध्ये तिच्यासमोरच सेव्ह करा.

एकटा_पांथस्थ
मी त्या मैत्रिणीच्या जागी होतो. माझ्या मित्राने काही न सांगता फोन घेणं सोडलं. चार महिने मी काय चुकलो हेच शोधत राहिलो. 'रोज नको, शनिवारी ये' एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. राग आला असता, पण मित्र राहिला असता.

सातपूरकर
हे वाचून पटलं. माझा सल्ला मागे घेतो.

अबोली_इंदिरानगर
काल ट्रॅकवर बोलले. आधी तो प्रश्न विचारला. आवाज कापत होता माझा. ती थांबली, म्हणाली, "नाही गं, पण सकाळी उठावंसं वाटत नाही." मग बाकीचं सांगितलं. अख्खी एक फेरी ती गप्प होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे तूही." मी म्हटलं, "मी बुधवारी सातला फोन करणार आहे." नंबर सेव्ह करू दिला, समुपदेशकाचं मात्र नाहीच म्हणाली.

रात्री साडेदहाला फोन आला, मी घेतला नाही. अकराला पुन्हा आला. लेक झोपली होती, मी जागीच होते. गोदाकाठताई, उठावंसं वाटत नाही म्हणते, तर तिच्या आईला सांगायला हवं का?

गोदाकाठ
तिला न विचारता नको. बुधवारी विचारा, किती दिवसांपासून असं होतंय आणि जेवण-झोप कशी आहे. दोन आठवड्यांहून जास्त असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. समुपदेशकाला ती 'नाही' म्हणाली, पण "मी सोबत येते, बाहेर बसते" असं एकदा म्हणून बघा.