विषय: आईची रजा – तारखा कुठल्या लिहायच्या?

मृणाल:
नमस्कार, जरा तातडीचं आहे. आई माझ्या बाळंतपणासाठी अमेरिकेला येणार आहे आणि तिचा रजेचा अर्ज आस्थापना शाखेतून दुसऱ्यांदा परत आला. शेरा तोच: "निश्चित तारखा व व्हिसाची प्रत जोडावी." व्हिसाची मुलाखत १२ जानेवारीला आहे, त्याआधीची तारीख दिसत नाही. माझी ड्यू डेट १४ मार्च. मुलाखतीला रजा मंजुरीचं पत्र न्यावं म्हणतात आणि ऑफिस म्हणतं आधी व्हिसा आणा. आईची नोकरी केंद्र सरकारची, अर्जित रजा २१० दिवस शिल्लक. परतीची तारीख आत्ता कशी लिहायची? वसंतकाका, तुम्ही यादीवर असाल तर प्लीज.

नितीन:
मृणाल, सोपं आहे. अर्ज टाकून २१ दिवस थांबा. उत्तर आलं नाही तर मंजूर समजायचं, तसा आदेशच आहे. रजा ६० दिवसांचीच मागा, पुढे लागली तर इथून ईमेल करून वाढवा. आणि व्हिसासाठी इमर्जन्सी अपॉइंटमेंट मागून बघा, बाळंतपण म्हटल्यावर देतातच.

शैलाताई:
> बाळंतपण म्हटल्यावर देतातच

नाही देत. भारतातल्या अर्जदारांसाठीच्या सूचनांमध्येच लिहिलंय की लग्न, पदवीदान समारंभ, गरोदर नातेवाइकाला मदत ही कारणं तातडीच्या मुलाखतीसाठी चालत नाहीत. त्यात वेळ घालवू नकोस. साइटवर रोज बघत राहा, रद्द झालेल्या तारखा मध्येच उघडतात.

आणि व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये मुक्काम किती लिहिलाय? रजेच्या पत्रात ९० दिवस आणि फॉर्मवर सहा महिने असं असेल, तर काउंटरवरचा पहिला प्रश्न तोच येतो.

मृणाल:
शैलाताई, सहा महिने लिहिलंय. 🙈 सबमिट झालाय.

शैलाताई:
मग नवा भरा. सबमिट झालेला फॉर्म दुरुस्त होत नाही, पण दुसरा भरून त्याचा कन्फर्मेशन नंबर अपॉइंटमेंटच्या प्रोफाइलमध्ये बदलता येतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी हे करू नका, चांगले आठ-दहा दिवस हातात ठेवा. नंबर जुळला नाही तर दारातूनच परत पाठवतात. आईंना नव्या फॉर्मचं पान छापून द्या, जुनं फाडून टाका, नाहीतर घाईत तेच फाइलमध्ये जातं.

वसंत:
मृणाल, तुझ्या ऑफिसने दोन वेगळ्या कागदांची एकच गाठ मारली आहे. ती सुटली की निम्मं काम झालं.

एक कागद म्हणजे खासगी परदेश प्रवासाची परवानगी. त्याचा ठरलेला नमुना आहे: कुठे जाणार, कधीपासून कधीपर्यंत, अंदाजे खर्च, पैसा कुणाचा, आधीचे परदेश दौरे. खर्च मुलगी करणार असेल तर तसं स्वच्छ लिहावं. नितीन म्हणतो ते २१ दिवस या कागदापुरते आहेत. जुलै २०१५ च्या आदेशानुसार पूर्ण भरलेला अर्ज पोचल्यापासून २१ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरतात. "पूर्ण भरलेला" हे विसरू नकोस. त्रुटी दाखवून परत पाठवलेला अर्ज त्यात मोजत नाहीत आणि तुमचा दोनदा परत आलाय.

दुसरा कागद रजेचा, नमुना १. त्याला २१ दिवसांचा नियम लागू नाही. रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे केंद्रीय रजा नियम १९७२ मध्ये पहिल्या काही नियमांतच येतं. तिथे गप्प बसणं म्हणजे मंजुरी नव्हे. आदेश हातात नसताना विमानात बसायचं नाही.

आता व्हिसाची प्रत. परवानगीचा अर्ज व्हिसाच्या आधी करता येतो, तारखा "संभाव्य" म्हणून द्यायच्या आणि खाली एक ओळ लिहायची: "व्हिसा मुलाखत १२ जानेवारी रोजी असून रजा व्हिसा मिळण्याच्या अधीन मागत आहे. व्हिसा न मिळाल्यास रजा सुरू होण्यापूर्वी ती रद्द करण्याचा अर्ज देईन." मुलाखतीच्या तारखेचं पान जोडा. आस्थापनेला तारीख हवी असते ती आदेशात टाइप करायला, त्यामुळे कोरी जागा सोडली की फाइल परत येणारच. व्हिसा नाहीच आला तर तेवढ्याने आपण ऑफिसात जाऊन बसायचं नाही. रद्द करण्याचा अर्ज रजा सुरू व्हायच्या आधी आवक नोंदीसह गेला पाहिजे.

पराग:
जावयाच्या रजेचं बोलताय ना? एफएमएलए या अमेरिकेच्या कौटुंबिक रजेच्या कायद्यात १२ आठवडे मिळतात, ३० दिवस आधी कळवायचं. नोकरीला वर्ष झालेलं हवं, गेल्या बारा महिन्यांत १,२५० तास भरलेले हवेत आणि ७५ मैलांच्या आत कंपनीची ५० माणसं हवीत. पगार मिळेलच असं नाही.

वसंत:
पराग, प्रश्न आईच्या रजेचा आहे.

शैलाताई:
वसंतराव, विषय नसला तरी परागचं उपयोगी आहे. आईंचा व्हिसा २२१(जी) खाली, म्हणजे जादा कागद किंवा तपासणीसाठी, अडकला तर किती दिवस लागतील ते कुणीच सांगत नाही. म्हणून मृणालच्या नवऱ्याने १२ आठवडे पहिल्याच दिवसापासून उडवू नयेत. बाळासाठीची रजा तुकड्यांत घ्यायची तर कंपनीची संमती लागते. बाळंतपणानंतर बायकोची तब्येत सांभाळायची रजा मात्र डॉक्टरच्या कागदावर, गरज असेल तर तुकड्यांत मिळते. दोन्ही त्याच १२ आठवड्यांतून वजा होतात. पहिले दोन आठवडे बायकोच्या नावावर, बाकीची बाळाच्या नावावर मागे ठेवायची. आई परत गेल्यावरही ती पडून राहते, फक्त बाळ वर्षाचं व्हायच्या आत संपवायची.

नितीन:
काका, २१ दिवसांचं मान्य. पण ६० दिवसांचा मुद्दा तुम्ही सोडलात. कमी मागितलं की साहेब लवकर सही करतात. पुढे हवं तर मुलीचं मेडिकल सर्टिफिकेट पाठवायचं. १८० दिवस मागितले तर फाइल वर जाईल.

वसंत:
१८० कुणी मागायला सांगितलेत? एका वेळी अर्जित रजेची मर्यादा तेवढी आहे म्हणून तेवढी मागायची नसते. आणि मुलीचं सर्टिफिकेट कशाला? वैद्यकीय कारणावरची रजा ही कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारासाठी असते. मुलगी आजारी म्हणून आईला परिवर्तित रजा मिळत नाही. स्वतः आजारी असल्याचा कागद आणला आणि तो खोटा निघाला, तर मग रजेचा प्रश्न उरत नाही, चौकशीचा सुरू होतो.

६० दिवस का नकोत ते हिशेबाने बघू. ड्यू डेट १४ मार्च म्हणजे ३७ आठवडे २१ फेब्रुवारीला भरतात. त्याआधी आई तिथे पोचलेल्या बऱ्या. लांबलं तर ४१ आठवडे २१ मार्चला. त्यापुढे सहा आठवडे धरले तर २ मे. सिझेरियन झालं तर हे सहा आठवडे खरोखर लागतात, जड उचलायची मनाई असते. २० फेब्रुवारीपासून ६० दिवस मोजले तर २० एप्रिललाच संपतात. बाळ ४१ आठवड्यांनी आलं तर आई निघेल तेव्हा बाळ एक महिन्याचं.

त्यामुळे मी असं लिहीन: २० फेब्रुवारी शनिवार आहे. ऑफिस पाच दिवसांचं असेल तर शनिवार-रविवार आधी जोडून २२ फेब्रुवारी ते २१ मे रजा, म्हणजे ८९ दिवस, आणि शेवटी २२-२३ मे जोडून. रुजू सोमवार २४ मे. खात्यातून ८९ जातात, बाहेर राहता येतं ९३. मात्र "आधी व नंतरच्या सुट्ट्या जोडण्याची परवानगी" ही ओळ अर्जात आणि आदेशात दोन्हीकडे हवी. परदेश परवानगीतही २० फेब्रुवारी ते २३ मे असंच हवं. आदेशात २२ आणि तिकिटावर २० असलं की कुणीतरी बोट ठेवतं. २१० मधून ८९ गेले तरी १२१ उरतात, १ जानेवारीचे १५ त्यात वेगळे.

आता जास्त मागून लवकर येण्याचं. तिथेही एक खाच आहे आणि ती फार जणांना माहीत नसते: मंजूर रजा संपण्याआधी परस्पर रुजू होता येत नाही. ज्याने रजा मंजूर केली त्याची परवानगी लागते. ती साधारण मिळते, एक ईमेल आधी करायची, न वापरलेले दिवस खात्यात राहतात. उलट कमी मागून वाढवायचं म्हटलं, तर वाढीव रजेचा आदेश जुनी रजा संपण्याआधी निघायला हवा. ईमेल पाठवली म्हणजे वाढली असं नाही. आदेश आला नाही आणि माणूस तिकडेच राहिला, तर त्या दिवसांचा रजा-पगार नाही. दिवस अर्धवेतनी रजेतून वजा होतात, ती संपली की असाधारण म्हणजे बिनपगारी रजेत जातात, आणि मुद्दाम गैरहजर राहिल्याचं ठरलं तर शिस्तभंगाची कारवाई. शिवाय परदेश परवानगीची मुदतही वेगळी वाढवावी लागते, ती विसरायला होते.

दोन्हीत धोका आहे, पण पहिल्यात तो घरी परत आल्यावरचा आहे.

नितीन:
माझ्या माहितीतल्या दोघांना ईमेलवर वाढवून मिळाली. आणि व्हिसा दहा वर्षांचा असतो, राहायला अडचण काय?

शैलाताई:
व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते, विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुतेकदा सहा महिने, पण उतरल्यावर i94.cbp.dhs.gov वर तारीख बघून घ्यायची, चूक असेल तर तेव्हाच सांगायचं. ती मुदत आय-५३९ हा फॉर्म भरून वाढवता येते, अर्ज मुदत संपण्याआधी जायला हवा, ४५ दिवस आधी पाठवायला सांगतात. पण इथलं सरकार राहू देईल म्हणून तिथलं ऑफिस रजा वाढवत नाही.

अधिकाऱ्याने विचारलं तर आईंनी खरं आणि थोडक्यात सांगावं: मुलीकडे चालले, बाळ होणार आहे, २२ मेचं परतीचं तिकीट आहे, २४ ला रुजू व्हायचंय. "बेबीसिटिंग करायला" असे शब्द नकोत. तो नोकरीचा शब्द वाटतो, प्रश्न वाढतात.

सुहास (यादी व्यवस्थापक):
मंडळी, पिकनिकच्या गाड्यांचा धागा जसा चार दिवस चालला तसं नको. रजा-व्हिसाचे प्रश्न "मदत" लेबल लावून पाठवा, हे तिसऱ्यांदा सांगतोय.

पराग:
लेबल कुठे लावायचं ते पण सांगा. 🙂 मी आईच्या रजेचं वाचलंच नव्हतं, सॉरी.

अंजली:
काका, माझ्या सासूबाई राज्य सरकारी आहेत, त्यांनाही २१ दिवस लागू का?

वसंत:
अंजली, त्यांची रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम १९८१ खाली. केंद्राचा आदेश दाखवून वाद घालू नका, त्यांच्या आस्थापनेकडूनच लेखी घ्या.

मृणाल:
सगळ्यांचे आभार. आई आज दोन वेगळे अर्ज देतेय, तारखा काकांनी सांगितल्या तशाच. नवा डीएस-१६० भरला, ९३ दिवस लिहिले. लिपिकबाई म्हणाल्या की "व्हिसाच्या अधीन" ही ओळ साहेबांना चालेल की नाही ते साहेब दौऱ्यावरून आल्यावर कळेल. काका, साहेबांनी ती ओळ खोडायला सांगितली तर?

वसंत:
अर्जातून खोडा. मंजुरी आली की त्याच दिवशी वेगळं पत्र आवक करा, त्यात तीच ओळ.