खडा हिंगात गव्हाचं पीठ असतं का? (महाप्रसादाच्या आमटीवरून)

नीलिमा, मंगळवार

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या महाप्रसादाची यादी पाहिली म्हणून लिहितेय. आमच्या ईशानला मार्चमध्ये सिलिअ‍ॅक असल्याचं कळलं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन त्याच्या आतड्याला सोसत नाही. तेव्हापासून पोळ्या, रवा, शेवया, सगळं घरातून गेलं. तरी मागच्या तपासणीत रक्तातला आकडा हवा तेवढा उतरला नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातला एकेक डबा बाहेर काढायला लावला आणि हिंगाच्या डबीवर थांबल्या. मागे बारीक अक्षरात ‘कन्टेन्स व्हीट’ लिहिलेलं होतं. सहा महिने मी रोज फोडणीत तेच घालत होते!

आईला सांगलीला फोन केला तर ती म्हणाली, हिंग हा झाडाचा चीक, त्यात गहू कुठून येणार? तुमच्या अमेरिकेतल्या डब्यांत भेसळ असेल, मी गणपती पेठेतून खडा पाठवते. खडा आलाय. कागदाची पुडी आहे, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. हा वापरू का? आणि महाप्रसादाच्या आमटीत कुठला हिंग पडणार आहे?

सुलभाताई, मंगळवार

नीलिमा, आमच्याकडे हिंग उपवासाला चालत नाही. सासूबाई म्हणायच्या, त्यात धान्य असतं. त्यामुळे महाप्रसादाचं माहीत नाही, पण संकष्टीला तू जिऱ्याची फोडणी दे, ती चालते. चतुर्थीला कुणाकुणाचा उपवास आहे ते मला कळवा, भगर करणार आहे.

प्रसाद, मंगळवार

ताई, विषय उपवासाचा नाही, पण सासूबाई बरोबर होत्या :)

नीलिमा, जरा हिशेब करून बघू. चिमूटभर हिंग म्हणजे पाव ग्रॅम. त्यातलं निम्मं पीठ धरलं तर 125 मिलिग्रॅम. मैद्यात ग्लुटेन साधारण 8 टक्के, म्हणजे 10 मिलिग्रॅम. आमटी चौघांची असेल तर माणशी अडीच. सुरक्षित मर्यादा दिवसाला 10 आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं. शिवाय फोडणी कडकडीत तेलात असते, बरंचसं जळून जात असणार. एवढं घाबरण्यासारखं काही दिसत नाही. आकडा उतरत नसेल तर दुसरीकडे बघायला हवं, शाळेचा डबा वगैरे.

खड्याची खात्री करायची असेल तर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून बघ. निळं-काळं झालं तर पीठ आहे, नाही झालं तर पीठ नाही.

आनंदकाका, बुधवार

मी सध्या दिवाळीपर्यंत सांगलीत आहे, त्यामुळे उत्तराला उशीर झाला. जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो: मसाल्याच्या कारखान्यात 28 वर्षं प्रयोगशाळेत काढली, त्यातली बरीच हिंगाच्या वासात. आमची ही मला दाराबाहेर शर्ट काढायला लावायची.

नीलिमा, तुझ्या आईचं अर्धं खरं आहे. हिंग हा चीकच. इराण-अफगाणिस्तानच्या डोंगरांत झाडाच्या मुळाला चीर देऊन काढतात आणि आपल्याकडे जवळजवळ सगळा तिथूनच येतो. पण गव्हाचं पीठ घालणं ही भेसळ नाही. मूळ चीक इतका चिकट आणि उग्र असतो की चक्कीत घातला तर दगडालाच बसतो आणि आमटीत किंचित जास्त पडला तर तोंड कडू होतं. म्हणून हाथरसला किंवा कुठेही तो डिंकाच्या पाण्यात विरघळवतात, पीठ घालून कणकेसारखा मळतात, वाळवतात आणि मग दळतात. याला बांधानी हिंग म्हणतात. आपल्या कायद्यात तो रीतसर मान्य आहे. डिंक, स्टार्च किंवा धान्याचं पीठ घालायची मुभा आहे, अट एवढीच की अल्कोहोलमध्ये उतरणारा भाग निदान 5 टक्के हवा. शुद्ध हिंगाला हीच अट 12 टक्क्यांची आहे. यावरून डबीत हिंग किती आणि बाकी काय किती, याचा अंदाज येईल. पीठ बहुधा मैदा किंवा आटा, कारण मळायला तो सोपा. काही जण तांदळाचं वापरतात.

आता खडा. इथेच बहुतेक जण फसतात. खडा म्हणजे शुद्ध असं नाही. तोच मळलेला गोळा न दळता, तुकडे करून वाळवला की खडा झाला. शुद्ध चीक हाताला मेणासारखा लागतो, उबेनं मऊ होतो, नखानं ओरखडा उठतो. तो सहसा कुटला जात नाही, खलबत्त्यालाच चिकटतो. तुझा खडा कुटून बघ. कोरडा भुगा झाला तर बांधानी धर.

प्रसाद, आयोडीनची कल्पना चांगली, पण ती पिठाचा स्टार्च दाखवते, तो कुठल्या धान्याचा ते नाही. तांदूळ असला तरी निळंच होणार. आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. गव्हाच्या स्टार्चचे दाणे मोठे, मसूर दाबून चपटी केल्यासारखे, आणि तांदळाचे अगदी बारीक, कोनेदार. हे घरी जमणारं नाही. दुकानदार पाण्यात ढवळून ‘बघा, दुधासारखं पांढरं, शुद्ध आहे’ म्हणतात, त्याचाही उपयोग नाही. चिकानं पाणी पांढरं होतं, पिठानंही होतं.

आणि तेलात ग्लुटेन जळत नाही. तसं असतं तर ईशाननं पुरी खाल्ली असती.

उद्या पेठेत जातो.

प्रसाद, बुधवार

काका, जळण्याचं मागे घेतो. पण हिशेबाचं काय? अडीच मिलिग्रॅमला अडीचच म्हणायचं ना?

आनंदकाका, गुरुवार

हिशेब बरोबर, चिमूट चुकली. तू घरी फोडणी देतोस का? आमची ही पाव चमचा घालते आणि पाव चमचा हिंग पाऊण ग्रॅमच्या आसपास भरतो. काल मुद्दाम सोनाराकडच्या काट्यावर तोलला, 0.7 ग्रॅम भरला. त्यातलं 60 टक्के पीठ समज, म्हणजे 420 मिलिग्रॅम. तुझ्याच 8 टक्क्यांनी 34 मिलिग्रॅम ग्लुटेन. चौघांत माणशी 8. ही फक्त आमटी झाली. भाजीला फोडणी, कोशिंबिरीला फोडणी, ताकात हिंग, लोणच्यात हिंग, पापडात हिंग. रात्रीचं जेवण अजून व्हायचंय. आणि 60 टक्के हा मी धरलेला आकडा आहे. डबीवर कुणी तो लिहीत नाही.

तू म्हणतोस ते 10 मिलिग्रॅम 2007 च्या एका अभ्यासातून आलेत. सिलिअ‍ॅक असलेल्यांना 90 दिवस रोज थोडं ग्लुटेन दिलं. 50 मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. 10 घेणाऱ्यांचं एकंदरीत निभावलं, पण त्यांच्यातही एकाला त्रास उलटला. म्हणून 10 ला ‘इथपर्यंत बिनधास्त’ असं वाचू नकोस. ईशानचा आकडा हिंगामुळेच अडला असं मात्र मी म्हणणार नाही. उतरायला अनेकांना वर्ष-वर्ष लागतं, ते डॉक्टरांनी बघायचं.

पेठेतलं सांगतो. दुकानदार ओळखीचे, वडिलांच्या वेळचे. त्यांनीही आधी ‘खडा म्हणजे प्युअर’ म्हटलं. मी म्हटलं, माल ज्यातून येतो तो डबा दाखवा. आतून पाच किलोचा पत्र्याचा डबा आणला. बाजूला लेबल होतं: हिंग, डिंक, गव्हाचं पीठ. त्यांनीच चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, अहो, एवढी वर्षं विकतोय, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यात लबाडी काही नव्हती. डब्यावर लिहिलेलं असतं, पुडीवर येत नाही, एवढंच. नीलिमा, तुझी पुडी याच पेठेतली आहे, तेव्हा ती ईशानसाठी नको.

अस्सल चीकही त्यांच्याकडे होता, छोट्या बाटलीत, तीन कागदांत गुंडाळलेला. 10 ग्रॅमचा भाव ऐकून मी बाटली परत ठेवली.

नीलिमा, गुरुवार

काका, काल कुटून बघितला. छान कोरडा भुगा झाला. आईला सांगितलं तर तिला वाईट वाटलं. आता ती म्हणते, लसूण घाल, हिंग नसला तरी चालतो.

एक प्रश्न. इथल्या दुकानात तांदळाच्या पिठाचा हिंग मिळाला, डबीवर ‘ग्लुटेन फ्री’ आहे. यावर विसंबायचं का?

आनंदकाका, गुरुवार

विसंब. अमेरिकेत तो शब्द छापायचा तर मालात ग्लुटेन 20 पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत लागतं आणि गव्हाचं पीठ घटक म्हणून घालताच येत नाही, कितीही कमी असलं तरी. नुसतं ‘तांदळाचं पीठ’ लिहिलंय पण तो शब्द नाही, अशी डबी मात्र मी जपून घेईन. एकाच चक्कीत दोन्ही दळणारे पाहिलेत. इकडून कुणी नातेवाइकानं आणलेल्या डबीवर ‘खाद्य स्टार्च’ एवढंच असेल तर ती सोडून दे. कुठल्या धान्याचा ते त्यावरून कळत नाही.

डबी वेगळी ठेव आणि चमचाही. जुन्या हिंगाच्या चमच्यानं नवा काढलास तर पैसे वाया.

सुलभाताई, शुक्रवार

आनंदभावजी, मेतकुटात तर गहू घालतातच, मी स्वतः भाजते. ईशानला मागच्या गुढीपाडव्याला मऊ भात-मेतकूट मीच वाढलं होतं गं. मला काय माहीत.

प्रसाद, शुक्रवार

मला अजूनही वाटतं की 180 माणसांच्या आमटीत 3 चमचे हिंग पडला तर माणशी दोनेक मिलिग्रॅमच होतं. ईशानसाठी नको, मान्य. पण सगळ्या मंडळासाठी हिंग बदलायचा म्हणजे खर्च आहे. वेगळी डबी तीन पट महाग पडते.

मंजिरी, महाप्रसाद समिती, शुक्रवार

हिशेब नंतर करा, यादी मला आज द्यायचीय. असं ठरवतेय: मोठ्या पातेल्यात हिंगच नाही, फोडणीला लसूण-कढीपत्ता. ज्यांना लसूण चालत नाही त्यांच्यासाठी जिऱ्याची आमटी वेगळी. ईशान आणि आणखी दोघांसाठी (त्यांनी मला खाजगी मेल केली, नावं विचारू नका) छोट्या कुकरमध्ये भात-आमटी मी घरून आणेन, नीलिमाच्या डबीतला हिंग घालून. कुणाच्याही पानावर ‘ग्लुटेन फ्री’ची चिठ्ठी लावणार नाही. हॉलच्या त्याच ओट्यावर पुऱ्या लाटल्या जातात, पीठ उडतं.

अडलंय ते गोड्या मसाल्यावर. काकांचं वाचून डबा काढून बघितला. आमच्याकडे मसाला करताना हिंगाचा खडा तेलात फुलवून घालतात, तेव्हा तोही गेला. वेगळा करायचा तर हिंगाशिवाय कुणी करून देईल का? अर्धा किलो पुरेल. माझ्या डब्यावर घटक वगैरे काही नाहीत, नुसतं ‘आई, सातारा, मे’ लिहिलंय.