मदत हवी आहे: सहा वर्षांनी जुन्या वरिष्ठांना पहिला निरोप कसा लिहावा?

वैशाली_नाशिक: 2015 ते 2019 या काळात ज्या सरांच्या हाताखाली मी गुणवत्ता विभागाचे काम शिकले, ते आता पुण्यातील एका कंपनीत आहेत आणि तेथे माझ्या अनुभवाला साजेशी जागा निघाली आहे. सुरुवातीला दिवाळीच्या शुभेच्छा जात असत, पुढे त्याही थांबल्या. ‘सर, ओळखलंत का?’ एवढे लिहून मी तीनदा पुसले आहे. काम निघाल्यावरच आठवण झाली, असे त्यांना वाटू नये.

सह्याद्री७२: कामाचा विषय काढूच नका. आधी नुसती विचारपूस करा आणि पंधरा दिवसांनी हळूच जागेविषयी बोला.

भरतीविभाग: विचारपूस हवीच, पण हेतू लपवून नको. असे निरोप मलाही येतात. चार दिवसांनी अर्ज आला की आधीची विचारपूस केवळ गळ होती, असे वाटून मन खट्टू होते. ‘ओळखलंत का’ हा प्रश्नही टाळा, कारण आठवण्याचा भार समोरच्यावर पडतो. त्याऐवजी फक्त तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेला एखादा प्रसंग लिहा, खंडाची कबुली एका वाक्यात द्या आणि शिफारस न मागता दोन ओळींत उत्तर देता येईल एवढेच विचारा. उदाहरणार्थ:

‘सर, मी वैशाली, नाशिकच्या गुणवत्ता विभागातली. परत आलेल्या मालाची कारणे वहीत लिहायची तुमची सवय मी आजही पाळते. इतकी वर्षे संपर्क ठेवला नाही, याची खंत आहे. तुमच्या कंपनीतील एका जागेचा विचार करते आहे. तेथील काम माझ्यासारखीला रुचेल का, एवढे सवडीने सांगाल का? न जमल्यास काहीच हरकत नाही.’

लेविन, वॉल्टर आणि मर्निघन यांच्या 2011 च्या अभ्यासात अधिकाऱ्यांना अशाच सुटलेल्या ओळखींकडे कामाविषयी सल्ला मागायला सांगितले होते. तो सल्ला उपयोगी ठरला, कारण जुना विश्वास टिकून होता आणि मधल्या काळात समोरच्यांनी वेगळे काही पाहिले होते.

मीनल_डोंबिवली: माझी शाळेतली मैत्रीण पंधरा वर्षांनी भेटली, तेव्हा आम्ही दोघी नुसत्या रडलो. एवढा विचार करू नका, सरळ फोन करा.

वैशाली_नाशिक: मैत्रिणीशी तसे जमेल, पण सरांशी आमचे नाते आदराचे होते. शिवाय एक गोष्ट लिहायची राहिली. दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी गेल्याचे कळले होते आणि तेव्हा मी काहीच कळवले नाही.

भरतीविभाग: मग माझा मसुदा बाजूला ठेवा. पहिले पत्र फक्त त्याबद्दल लिहा आणि त्यात नोकरीचा एक शब्दही नको. उशिरा केलेले सांत्वनही पोहोचते, पण त्यालाच मागणी जोडली तर दोन्ही वाया जाते.

वैशाली_नाशिक: अर्जाची मुदत दहा दिवसांत संपते. पत्र आजच लिहिते आणि अर्ज त्यांचे नाव न घेता परस्पर करते.

सह्याद्री७२: तो अर्ज त्यांच्याच टेबलावर गेला तर? अर्ज केल्याचे त्यांना आधी तुमच्याकडून कळायला हवे.

भरतीविभाग: हा मुद्दा खरा आहे. मात्र पत्रानंतर किती दिवसांनी ते कळवावे, हे मलाही नक्की सांगता येत नाही.