मदत हवी आहे: पहाटे स्वप्नात घरात माणूस शिरतो

नीरजा_०७
सरळ मुद्द्यावर येते, कारण आजही झोप झालेली नाही. गेले दोन-अडीच महिने आठवड्यातून तीन-चार वेळा एकच स्वप्न पडतंय. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि ओट्यापाशी एक माणूस पाठमोरा उभा राहून एकेक डबा उघडून बघतोय. त्याला काही घाई नाही. मी ओरडते, पण आवाज फुटत नाही. तो वळायला लागतो आणि मी दचकून उठते. त्यानंतर झोप नाहीच. यावर उपाय काय? झोपेची गोळी नकोय. आणि 'रात्री मोबाईल बघू नका' हे कृपया सांगू नका, मी बघत नाही.

रात्रपाळी
हा स्लीप पॅरालिसिस आहे, शंभर टक्के. मला हॉस्टेलला असताना व्हायचं. डोळे उघडे, खोली दिसतेय, दारात काळी आकृती उभी आणि हात-पाय हलत नाहीत. गावाकडे याला 'मुंज्या छातीवर बसला' म्हणतात. उताणं झोपणं बंद करा, कुशीवर झोपा. आणि झालंच तर पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा, मग सुटका होते.

ठोकपीट
आधी घराला कुलूप कोणतं आहे ते सांगा. निम्म्या फ्लॅटना नुसतं लॅच असतं, दार ओढून घेतलं की झालं. मनाला ठाऊक असतं की दार कच्चं आहे, म्हणून ही स्वप्नं पडतात. दार पक्कं करा, स्वप्नं बंद.

शकुन
स्वप्नात चोर दिसणं शुभ मानतात. धनलाभ होतो.

नीरजा_०७
@शकुन, धनलाभ? साडेचार तोळे गेलेत आमचे.
@रात्रपाळी, हात-पाय हलतात. उठते आणि लगेच जाऊन कडी बघते.

चाफा
थांबा. साडेचार तोळे गेले म्हणजे घरफोडी झाली होती? कधी? हे धाग्यात नव्हतं. आणखी तीन गोष्टी सांगा. साधारण किती वाजता जाग येते, कडी एकदाच बघता का, आणि कुठली गोळी चालू आहे का, मग ती कशाचीही असो.

नीरजा_०७
मला वाटलं सांगितलंय. हो. दिवाळीत सासरी गेलो होतो तेव्हा कडीकोयंडा तोडून शिरले. आम्ही घरात नव्हतो, कोणाला काही झालं नाही, म्हणून मी त्याला फार महत्त्व देत नव्हते. पोलीस येऊन गेले, पंचनामा झाला, पुढे काही नाही.

जाग चार-साडेचारला येते. कडी चार-पाच वेळा बघते, बाथरूमच्या खिडकीच्या काचाही मोजते. मायग्रेनसाठी प्रोप्रानोलॉल चालू आहे, जानेवारीच्या सुरुवातीपासून.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. सोन्याचं दुःख झालं, पण ते वेगळं. परत आलो तेव्हा चकलीचा डबा ओट्यावर उघडा होता आणि शेजारी ताटलीत अर्धी चकली. माझीच ताटली, मांडणीतून घेतलेली. म्हणजे त्याने ताटली शोधली, वाढून घेतलं, उभं राहून खाल्लं. नवरा म्हणाला, 'भूक लागली असेल बिचाऱ्याला'. मी तो डबा टाकून दिला. त्यानंतर घरात चकली केलेली नाही.

सुगरण
अगं बाई. आमच्याकडे चोरांनी फ्रीजमधलं श्रीखंड संपवलं होतं, १९९८ साली. सासूबाई दागिन्यांपेक्षा श्रीखंडावरच जास्त दिवस बोलत होत्या. वास्तुशांत करून घे, किंवा निदान झोपताना रामरक्षा म्हण. मला फरक पडला होता.

रात्रपाळी
बरं, मग माझं निदान चुकलं. पण कुशीवर झोपायला हरकत नाही.

चाफा
मी क्लिनिकल सायकॉलॉजीत काम करते. इथे कोणाचं निदान करणार नाही, पण यातलं बरंचसं ओळखीचं आहे.

रात्रपाळींनी सांगितलेला प्रकार खराच असतो आणि त्यातही अनोळखी माणूस दिसतो. पण तिथे माणूस स्वतःच्याच खोलीत अर्धवट जागा असतो आणि शरीर हलत नाही. नीरजाताईंचं स्वप्न गोष्टीसारखं पुढे सरकतं, सगळं आठवतं आणि त्या ताडकन उठतात. हे दुःस्वप्न. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते, म्हणून पहाटेचे चार.

आता गोळी. प्रोप्रानोलॉलमुळे काही जणांना भडक, वाईट स्वप्नं पडतात. चोरी दिवाळीत झाली आणि स्वप्नं जानेवारीनंतर सुरू झाली, म्हणून विचारलं. पण ती मनाने बंद करू नका, एकदम थांबवणं धोक्याचं असतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना नेमकं एवढंच सांगा: गोळी अमुक तारखेला सुरू झाली, स्वप्नं अमुक आठवड्यात.

आणि कडी. एकदा बघणं म्हणजे काळजी. पाच वेळा बघणं म्हणजे मनाला दर वेळी सांगणं, की मी बघितलं म्हणून वाचलो. मग पुढच्या रात्री सहाव्यांदा बघावंसं वाटतं.

ठोकपीट
मॅडम, दार खरंच कच्चं असेल तर? तुटलेल्या दारामागे झोपून 'कडी बघू नका' म्हणणं सोपं आहे. कोयंडा बदलला का, ते कोणी विचारलंच नाही. नुसत्या स्क्रूवर बसवलेला कोयंडा पहारीच्या एका झटक्यात उपटतो. आरपार बोल्ट टाकून आतून नट-वॉशर लावायचे. शिवाय बाहेरून दिसणारं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटीच. दाराच्या आत बसणारं, जाड खिट्टीचं कुलूप लावा. बाथरूमच्या त्या सरकत्या काचा बाहेरून एकेक काढता येतात, त्यांच्यामागे ग्रील हवंच.

चाफा
यावर वाद नाही. दुरुस्ती करा. पण एकदा करा आणि संपवा. मग झोपण्यापूर्वी एकच फेरी, मोठ्याने म्हणायचं 'दार लावलं', आणि परत उठायचं नाही.

नीरजा_०७
कोयंडा दुसऱ्याच दिवशी बदलला. आरपार बोल्टचाच आहे. ग्रीलही लावलं जानेवारीत. तरी स्वप्न आहेच. स्वप्नात तो दार तोडत नाही ना, आधीच आत असतो.

ठोकपीट
मग कॅमेरा.

चाफा
'आधीच आत असतो' हे तुम्ही फार नेमकं लिहिलंत. दाराची भीती असती तर स्वप्नात दार दिसलं असतं. तुम्हाला दिसतो तो तुमच्या मांडणीला हात लावणारा माणूस.

यावर एक पद्धत आहे, ती जागेपणीच करायची. बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी २००१ साली अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर तिचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि त्यांची दुःस्वप्नं कमी झाली होती. दिवसा वही घेऊन बसा. स्वप्न एकदाच, थोडक्यात लिहा. मग ते बदला. कसं बदलायचं हे मी सांगणार नाही, तुम्हाला पटेल तसं. चोराला मारलंच पाहिजे असं नाही. बदल मात्र तो वळायच्या आधी सुरू झाला पाहिजे, म्हणजे नव्या गोष्टीत तो क्षण येतच नाही. वास, आवाज, उजेड सगळं घाला. मग रोज दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून फक्त नवी गोष्ट बघायची. जुनी उगाळायची नाही. अंथरुणात नको आणि झोपायच्या तोंडावरही नको. काही आठवडे द्यावे लागतात.

अंतर्मन
मला हे पटत नाही. स्वप्न काहीतरी सांगत असतं. ते बदलून टाकणं म्हणजे निरोप घेऊन आलेल्या पोस्टमनला दारातून हाकलणं. नीरजाताई, तो माणूस कोण आहे हे आधी शोधा. घरातलंच कोणी तुमच्या हद्दीत शिरतंय का?

नीरजा_०७
@अंतर्मन, घरात मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. तो चोर आहे. त्याने माझी चकली खाल्ली.

सुगरण
😂 हे भारी होतं.

चाफा
अंतर्मन, कोणाला तसा अर्थ शोधायचा असेल तर शोधावा. पण निरोप समजल्यावरही पोस्टमन रोज पहाटे चारला बेल वाजवत असेल, तर काहीतरी करावंच लागतं.

डोंबिवलीकर
आमच्या मजल्यावर चोरी झाली तेव्हा सोसायटीने वॉचमन बदलला. नवीन वॉचमन जास्त झोपतो. मेंटेनन्स मात्र वाढला. यावर कोणाला काही कायदेशीर करता आलंय का?

रात्रपाळी
त्याचा वेगळा धागा काढा हो.

नीरजा_०७
लिहून बघितलं. काल दुपारी, मुलगी शाळेत असताना. आधी मी त्याला लाटण्याने मारते असं लिहिलं, पण हात थरथरायला लागले. खोडलं. मग असं लिहिलं:

दिवाळीच्या आधीची दुपार आहे. मी स्वयंपाकघराच्या दारात आहे आणि तळणीचा वास येतोय. तो ओट्यापाशी उभा आहे, पण ओट्याजवळ जागाच नाही, कारण माझ्या दोन्ही माम्या आणि आजी फराळाला बसल्यात. आजी त्याच्याकडे न बघताच म्हणते, 'उभा काय राहिलास, सोऱ्या दाब'. तो मुकाट्याने सोऱ्या दाबायला लागतो. चकलीचं पीठ घट्ट झालंय, त्याला जोर लावावा लागतो. मी मांडणीतून माझी ताटली काढून घेते.

वेड्यासारखं आहे ना? आजी जाऊन सहा वर्षं झाली.

चाफा
अजिबात नाही. ताटली परत घेतलीत तिथे थांबलात, तेही चांगलं. शेवट वाढवू नका. लाटण्याच्या आवृत्तीला थरथर सुटली म्हणून सोडलीत, तेही बरोबर. हीच गोष्ट रोज.

एक मात्र लक्षात ठेवा. दिवसाही ते दृश्य डोळ्यांपुढे यायला लागलं, घरात एकटं थांबवेना किंवा जरा आवाज झाला की धडधडायला लागलं, तर वहीवर भागवू नका. समोर बसून काम करणारा माणूस हवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

सुगरण
पीठ घट्ट झालं असेल तर गरम पाण्याचा हात लावून मळायचं. आणि मोहन कडकडीत हवं. आजींनी सांगितलं असतं.

नीरजा_०७
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून दुसरी दिली. वहीचं कामही रोज केलं, दोन दिवस सोडून. या आठवड्यात स्वप्न एकदाच पडलं. तो होताच, डबेही उघडत होता. पण उजेड होता आणि मला ओरडावंसं वाटलं नाही. गोळीमुळे की वहीमुळे, सांगता येत नाही. कडी आता दोनदा बघते. एकदा जमत नाही अजून.

शकुन
उजेड दिसला म्हणजे शुभच.

ठोकपीट
दोनदा ठीक आहे. बोल्ट किती एमएमचे आहेत?