सातबाऱ्यावरचा भोगवटादार इंग्रजीत ‘ओनर’ की ‘ऑक्युपंट’?

माधवी, मुलुंड
माझा थोरला भाऊ लंडनला असतो. त्याच्या घटस्फोटात तिथल्या वकीलबाईंनी गावच्या जमिनीचा सातबारा आणि दोन फेरफार इंग्रजीत मागितलेत. भोगवटादार वर्ग १ म्हणून दादाचं नाव आहे, पुढे ए.कु.मॅ. इतर हक्कात ‘वारस’ म्हणून मी आणि धाकटी बहीण. अनुवाद मीच करतेय. भोगवटादाराला ‘ओनर’ म्हणू की ‘ऑक्युपंट’?

संजू दादरकर
‘ओनर’ लिहा आणि मोकळ्या व्हा. ऑक्युपंट म्हटलं की त्या बाईंना भाडोत्री नाहीतर घुसखोर वाटेल. वर्ग १ म्हणजे परवानगीशिवाय विकता येते, मग मालकच ना!

नि. ना. तहसीलदार
संजूभाऊ, घुसखोराची भीती खरी आहे, उपाय चुकीचा. जमीन महसूल संहिता १९६६ च्या इंग्रजी पाठात शब्द ‘ऑक्युपंट – क्लास वन’ असाच आहे. तोच लिहावा आणि खाली अनुवादकाची टीप म्हणून वेगळं सांगावं की हा कायद्यातला शब्द आहे, भाडेकरूसाठी नाही.

माधवीताई, तुमच्या बाबतीत ‘ओनर’ विशेष घातक आहे. तिकडे घटस्फोटात नवराबायको दोघांनाही ‘फॉर्म ई’मध्ये मालमत्ता जाहीर करावी लागते. ‘ओनर’ आणि दादाचं एकट्याचं नाव वाचलं की अख्खी जमीन त्याच्या खात्यात धरली जाईल. ए.कु.मॅ. म्हणजे तो एकत्र कुटुंबातर्फे नोंदला गेलाय. ते नुसतं ‘मॅनेजर’ करू नका, पगारी मुकादम वाटेल. ‘जॉइंट फॅमिली’ हे शब्द त्यात हवेतच.

संजू दादरकर
पण काका, वकिलाला उत्तर हवंय, शब्दकोडं नको. जमीन कोणाची, हे कुठेतरी सांगावं लागेलच.

नि. ना. तहसीलदार
सांगावं, पण अनुवादकाने नाही. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, ती उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही पुन्हापुन्हा म्हटलंय. कोणाचा किती हिस्सा, यावर इथल्या वकिलाचं वेगळं मतपत्र जोडा. अनुवादात मत घुसलं की दोन्हींचा भरवसा जातो.

गोरेगावचा बंड्या
मुंबईत सातबारा कसला काढताय? सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड मागवा.

माधवी, मुलुंड
बंड्याभाऊ, जमीन गावची आहे. मी मुलुंडला राहते एवढंच.

काका, पहिला फेरफार वडील गेल्यावरचा, १९८९ चा. दुसरा विकास सोसायटीच्या बोजाचा. सातबाऱ्यावर तो बोजा कंसात आहे आणि त्यावर आडवी रेघ. रेघ मारलेलं सोडून दिलं तर चालेल?

नि. ना. तहसीलदार
सोडायचंही नाही आणि साधं लिहायचंही नाही. कंस आणि आडवी रेघ म्हणजे नोंद कमी झाली. रेघ गाळून नुसता मजकूर लिहिलात तर फिटलेलं कर्ज पुन्हा जिवंत होतं. मयताच्या नावाचंही तसंच. अनुवादात कंस ठेवा, मजकुरावर रेघ मारा आणि शेजारी लिहा की मुळात असं आहे.

१९८९ च्या फेरफारात बहुतेकांची नजर मधल्या मजकुरावर खिळते, ‘खातेदार मयत, वर्दीवरून वारस’ वगैरे. खरा जीव शेवटच्या रकान्यात असतो. तिथे तपासणी अधिकाऱ्याचा शेरा, सही आणि तारीख असते, बहुधा घाईतल्या अक्षरात. नोंद मंजूर की रद्द, हे तिथेच कळतं. तलाठ्याने नोंद घातल्याची तारीख आणि मंजुरीची तारीख वेगळी असते, दोन्ही द्या. अक्षर लागत नसेल तर ‘अवाच्य’ लिहा, अंदाज नको.

शुभांगी, बोरिवली
आमच्याकडेही भाऊ ए.कु.मॅ. आणि आम्ही बहिणी इतर हक्कात. आईच्या आग्रहाने तहसीलला अर्ज केला, आता सगळ्यांची नावं वर आहेत. माधवीताई, आधी ते करून घ्या, मग पाठवा.

नि. ना. तहसीलदार
शुभांगीताई, अर्ज जरूर करावा. पण प्रकरण चालू असताना नावं वर चढवली तर समोरचा वकील तारखेवर बोट ठेवेल. आज आहे तो उतारा आज जसा आहे तसा जाऊ दे.

संजू दादरकर
‘ऑक्युपंट’ टिपेसकट मान्य. पण एक सांगा, माधवीताईंचं नाव त्याच उताऱ्यावर आहे. अनुवाद त्यांनीच करायचा? उद्या ‘इतर हक्क’ स्वतःच्या सोयीने लिहिले म्हणतील.

माधवी, मुलुंड
फोर्टातला अनुवादक पानामागे पैसे घेतो, आणि त्याने दिलेल्या नमुन्यात ४० आर ला सरळ ‘वन एकर’ लिहिलंय!

नि. ना. तहसीलदार
४० आर म्हणजे ४,००० चौरस मीटर. एकर होतो ४० गुंठ्यांचा, सुमारे ४,०४७. आर तसाच ठेवायला सांगा. बाकी संजूचा मुद्दा वजनदार आहे. मी असतो तर मसुदा तुमचा आणि सही त्रयस्थाची घेतली असती, पण तिकडच्या कोर्टाला काय चालतं ते वकीलबाईंनाच विचारा.

संजू दादरकर
मसुदा त्यांचा असेल तर त्रयस्थ कसला, काका?