अनुभव धागा: मराठी गाण्याच्या शब्दांवर कॉर्ड कशी बसवता?

कोथरूडची_गिटारवाली
गणपतीत सोसायटीची पोरं गातात आणि दोन गिटार साथीला असतात. शब्द आणि कॉर्ड साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहेत: वर कॉर्डची ओळ, खाली शब्दांची, मधल्या जागा स्पेसबारने भरलेल्या. माझ्या लॅपटॉपवर सगळं जागच्या जागी दिसतं. ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाच्या फोनवर कॉर्ड वेगळ्याच शब्दावर! मला असा कागद हवाय, ज्यात कॉर्ड अक्षराला चिकटून राहील. एक ओळ नमुन्याला देते, मीच जुळवलेली आहे:

```
   G    C   D
किती दिवसांनी पाऊस दारी आला
```

G हवी ‘दि’वर, C ‘पा’वर, D ‘दा’वर. तुम्हाला इथे काय दिसतंय देव जाणे. मराठी गाण्यांचं असं काम ज्यांनी केलंय त्यांनी कसं केलं ते लिहा. इंग्रजी गाण्यांचे उपाय मला माहीत आहेत.

सदाशिव_पेठी
फाँट कुरियर करा. सगळ्या अक्षरांची रुंदी सारखी होते, मग कॉर्ड हलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना मागेपुढे तीन-तीन बॅकटिक टाका. विषय संपला.

तारा_छेडणारा
काका, इंग्रजी गाण्यापुरता संपला. कुरियरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही कुरियर निवडलात तरी मराठी अक्षरांसाठी मशीन गुपचूप दुसरा फाँट उचलतं, आणि त्यात ‘र’ अरुंद तर ‘ऊ’ ऐसपैस. म्हणजे वरची ओळ एका मापाची, खालची दुसऱ्या मापाची. बॅकटिकचंही तेच.

मी वडगावच्या एका हौशी वाद्यवृंदासाठी जुन्या फायलींचा गठ्ठा कॉर्डप्रोमध्ये आणला. त्यात कॉर्ड वेगळ्या ओळीत नसतेच, चौकटी कंसात थेट अक्षराच्या आधी लिहायची:

```
किती [G]दिवसांनी [C]पाऊस [D]दारी आला
```

छापताना प्रोग्रॅम ती उचलून अक्षराच्या डोक्यावर ठेवतो. फाँट बदला, मोठा करा, कॉर्ड अक्षराबरोबरच सरकते.

मेख जुन्या फायली बदलण्यात आहे. कॉर्ड कितव्या खान्यात आहे ते मोजायचं आणि खालच्या ओळीत तितक्याच खान्यावर कंस घालायचा, हा सरळ मार्ग. ताईंच्या ओळीवर तो चालवला की हे येतं:

```
कित[G]ी दिव[C]सांन[D]ी पाऊस दारी आला
```

‘ती’ची वेलांटी तुटली, ‘नी’ची तुटली, त्या जागी पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. कारण संगणकाच्या लेखी ‘ती’ हे एक अक्षर नाही. आधी त, मग वेलांटी, असे दोन खाने. काना, वेलांटी, अनुस्वार, सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘पाऊस’च्या आधी डोळ्याला आठ खाने दिसतात (मधल्या जागा धरून), पण आत चौदा भरतात. म्हणून C सहा खाने आधीच, ‘सां’वर जाऊन बसली. ओळ लांबेल तशी चूक वाढत जाते, हीच तिची खूण: पहिली कॉर्ड जवळपास बरोबर आणि शेवटची पार भलतीकडे असेल तर दुसरं काही शोधू नका.

उपाय म्हणजे अख्खी अक्षरं मोजायची. पायथनच्या `regex` मॉड्यूलमध्ये `\X` म्हणजे कान्यामात्रेसकट एक अक्षर:

```python
import regex
g = regex.findall(r'\X', lyric)
for m in reversed(list(regex.finditer(r'\S+', chords))):
    g.insert(m.start(), '[' + m.group() + ']')
print(''.join(g))
```

शेवटच्या कॉर्डपासून सुरुवात करायची, नाहीतर आधी घातलेला कंस पुढचे खाने ढकलतो. `re` नको, त्याला `\X` कळत नाही.

आता मर्यादा. याने वेलांटी तुटत नाही, एवढीच हमी. ताईंची ओळ बरोबर निघते, कारण त्यांनी अक्षरं मोजून कॉर्ड टाकल्यासारखं दिसतंय. ज्याने नजरेने स्पेस मारल्या, त्याची कॉर्ड एखाद-दोन अक्षरं इकडेतिकडे राहतेच. ते गाऊनच दुरुस्त करावं लागतं.

पेटीवाले_आजोबा
चांगला विषय. मी पेटी वाजवतो. शब्दांखाली सा रे ग म लिहिताना कोमल स्वराची आडवी रेघ टाइप कशी करावी? आणि काळी चारचं गाणं काळी दोनला घेतलं तर स्वर बदलावे लागतील काय?

कोथरूडची_गिटारवाली
आजोबा, सरगम तीच राहील, फक्त सा खाली येईल. कॉर्डची नावं मात्र बदलावी लागतात. रेघेचं मला माहीत नाही, वेगळा धागा काढा ना.

कॅम्पातला_टेनर
आम्ही चर्चच्या क्वायरसाठी रोमनमध्येच लिहितो, `kiti divasani` असं. एका अक्षराला एक खाना, कुरियर लावला की सगळं सरळ. ही कटकट कशाला?

तारा_छेडणारा
रोमनमध्ये खाने जुळतात, मान्य. पण चुकून एक टॅब आला की तिथेही घसरतं. टॅब कुठे चार खान्यांचा, कुठे आठचा. आधी सगळे टॅब स्पेसमध्ये बदलून घ्या.

कोथरूडची_गिटारवाली
आणि आमच्याकडच्या काकवा `divasani` वाचायला जाऊन ‘डिवासानी’ गातील 😀 देवनागरीच हवं.

झेरॉक्सच्या_रांगेत
कॉर्डप्रोने पीडीएफ काढली तर मराठी गायब, कॉर्ड तेवढ्या शिल्लक. फाँट बदलला तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला. अप्पा बळवंत चौकातला छपाईवाला म्हणाला, वर्डमध्ये आणा.

तारा_छेडणारा
मूळच्या फाँटमध्ये देवनागरी नसते. दुसरा फाँट दिलात तरी अक्षरं जुळवणारी सोय चालू नसेल तर ‘दि’ची वेलांटी द च्या नंतरच राहते, कारण ती साठवलेली तशीच असते. मी त्या भानगडीत पडलो नाही. ही आज्ञा दिली:

```
chordpro gane.cho --generate=HTML --output=gane.html
```

ती फाइल ब्राउझरमध्ये उघडून तिथूनच पीडीएफ छापली. जुळवणी ब्राउझर स्वतः करतो.

औंधची_सुगम
मी गाते, वाजवत नाही, पण एक अडतं. ‘स्वप्न’ गाताना ‘स्वप्’ आणि ‘न’ असे दोन तुकडे होतात, आणि कॉर्ड नेमकी ‘न’वर बदलते. कंस कुठे?

तारा_छेडणारा
मी ‘स्वप्[G]न’ करतो. जोडाक्षर फुटून पाय मोडलेला प दिसतो, पण वाजवणाऱ्याला जागा कळते. `\X` मात्र इथे बेभरवशाचं. जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये 2023 साली, 15.1 आवृत्तीत आला. जुनं मॉड्यूल ‘प्’ आणि ‘न’ वेगळे मोजतं, नवं एकत्र. म्हणजे त्याच फाइलवर दोन मशीनवर दोन निकाल निघू शकतात.

औंधची_सुगम
पाय मोडलेलं अक्षर समोर आलं की मी तिथे अडखळते. कॉर्ड ‘स्व’वरच ठेवा, वाजवणाऱ्याने कानाने उशीर करावा.

सदाशिव_पेठी
वाजवणाऱ्याला कान असता तर कागद कशाला लागला असता?

कोथरूडची_गिटारवाली
गाणाऱ्यांना कॉर्ड नसलेला कागद आणि आम्हाला फुटलेल्या जोडाक्षराचा, असे दोन काढते. तारा_छेडणारा, ‘आला’ मधला ‘ला’ चार ठोके ओढलाय आणि मध्येच Em येते, तिथे शब्दच नाहीत. काय करू?

तारा_छेडणारा
‘आला [Em] - [G] -’ असं, कॉर्डपुढे आडवी रेघ. नुसती कॉर्डही चालते, पण रेघ दिसली की गाणारा थांबत नाही.